येत नाही की होत नाही?

आमच्या बँकेत प्रशिक्षण म्हटलं की लोकांना आधी जेवण आठवायचं. रत्नागिरीत मुख्य कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर प्रशिक्षणाचा हॉल, आणि दुपारची ताटं समोरच्या खानावळीतून यायची. बुधवारी आणि शुक्रवारी ताटात सुरमई असे. म्हणून प्रशिक्षण शक्यतो बुधवारी किंवा शुक्रवारी ठेवावं, अशी शाखांची तोंडी विनंती असायची. चुकून सोमवारी ठेवलं की जिल्ह्यात तापाची साथ आल्यासारखे रजेचे अर्ज यायचे.

मी कर्मचारी विभागात अधिकारी. सहकारी बँक, शाखा जिल्हाभर पसरलेल्या, काही किनाऱ्याला, काही घाटाच्या पायथ्याला. कोणाला कसलं प्रशिक्षण द्यायचं ते ठरवणं हे माझ्या कामांपैकी एक, आणि सगळ्यात निरर्थक. दरवर्षी शाखांना एक पानी कागद जायचा: ‘आपणास कोणत्या विषयाचे प्रशिक्षण हवे आहे?’ खाली विषयांची यादी आणि चौकोन. सगळे संगणकावर खूण करायचे. मग आम्ही संगणकाचं प्रशिक्षण द्यायचो. पुढच्या वर्षी पुन्हा सगळे संगणकावर खूण करायचे. हे म्हणजे रोग्याला औषधांच्या दुकानात उभं करून ‘यातलं कुठलं आवडतं?’ असं विचारण्यासारखं होतं. दुखतंय कुठे, हे कोणीच विचारत नव्हतं.

हे माझ्या डोक्यात होतंच, पण डोक्यातलं कागदावर यायला कारण लागतं. ते कारण म्हणजे मामा.

मामा आमच्या किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका शाखेत शिपाई होते. आरे-वारेच्या पुढे, गणपतीपुळ्याच्या अलीकडे ती शाखा. शिपायाला मामा म्हणायची आपल्या कचेऱ्यांची पद्धत आहे, त्यामुळे शाखाधिकाऱ्यापासून खातेदारापर्यंत सगळ्यांचे ते मामा. बँकेच्या नियमाप्रमाणे जुन्या शिपायांना परीक्षा देऊन लिपिक होता येतं. मामांनी परीक्षा दिली, पास झाले, लिपिक झाले. पण ती बढती चाचणीवर असते. ठरलेल्या मुदतीत काम जमलं तर कायम, नाही तर पुन्हा मूळ पदावर, मूळ पगारावर.

आणि मामांचं काम जमत नव्हतं. नवीन खात्यांच्या नोंदी अर्धवट, ओळखपत्रांच्या नोंदी प्रलंबित, ठेवींची नूतनीकरणं उशिरा. आमच्याकडे लिपिकाने नोंद करायची आणि अधिकाऱ्याने ती तपासून मंजूर करायची अशी पद्धत असते. मामांच्या बाजूने मंजुरीला काही जातच नव्हतं. त्यांना प्रशिक्षणाला बोलावलं. परत बोलावलं. तिसऱ्यांदाही बोलावलं. दरवेळी ते पहिल्या रांगेत बसले, वहीत सगळं लिहून घेतलं, जेवले, आणि परत जाऊन पुन्हा तेच. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता सरव्यवस्थापकांनी शेवटचा निर्णय करायला घेतला.

“तीन प्रशिक्षणं दिली,” ते म्हणाले. “अजून किती द्यायची? शिक्षकच बदला म्हणता का? नाचता येईना अंगण वाकडं. त्यांना मूळ पदावर पाठवण्याचं टिपण तयार करा.”

मी म्हटलं, “साहेब, अंगण कोणी मोजलंय का?”

मला अशी उत्तरं द्यायची सवय आहे, आणि त्यामुळे माझी स्वतःची बढती दोनदा लांबलेली आहे. पण त्या दिवशी साहेब बऱ्या मूडमध्ये होते. “मग मोजा,” म्हणाले. “टिपणाला महिनाभर थांबतो.”

अशी ती प्रश्नावली जन्माला आली. एका माणसासाठी कागद काढला असं दिसायला नको, म्हणून किनाऱ्याच्या सगळ्या शाखांना लावायचं ठरवलं.

कागद मी सोपा ठेवला. कुठलं प्रशिक्षण हवं हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येकाने आपली रोजची कामं लिहायची आणि प्रत्येक कामापुढे ओळीने उत्तरं द्यायची. हे काम गेल्या महिन्यात कोणाच्या मदतीशिवाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बरोबर केलं आहे का? शांत जागा, चालू यंत्र आणि पुरेसा वेळ दिला तर आज करून दाखवाल का? याला ‘नाही’ असेल तर ते काम शिकवायला हवं. ‘हो’ असेल तर शिकवून उपयोग नाही, कारण येतंय. मग दुसरंच काहीतरी आडवं येतंय. ते काय, हे पुढच्या प्रश्नांत: यंत्र, प्रिंटर, लाइन नीट चालते का? काय करायचं ते कोणी स्पष्ट सांगितलं आहे का? हे काम चालू असताना दुसऱ्या कामासाठी उठावं लागतं का, कोणत्या? आणि शेवटी इच्छेबद्दल. पण ‘तुम्हाला कामाची इच्छा आहे का’ असं विचारलं तर नोकरीत असलेला कोण माणूस ‘नाही’ लिहील? म्हणून तो प्रश्न मी आडून घेतला: काम चांगलं झालं तर काय होतं? नाही झालं तर काय होतं? चांगलं काम करणाऱ्याच्या टेबलावर आणखी काम येऊन पडत असेल, किंवा केलं काय नि न केलं काय सारखंच असेल, तर माणूस हात आखडतो, हे मला माझ्याच नोकरीने शिकवलं आहे. हाच कागद वेगळा करून शाखाधिकाऱ्यांनाही दिला, आपल्या माणसांबद्दल भरायला. दोन्ही शेजारी ठेवून बघायचे होते.

पहिली फेरी पार फसली. पहिल्या शाखेतून सगळ्यांचे कागद परत आले ते एकाच अक्षरात. मुख्य कार्यालयाचा कागद आला की शाखेत ज्याचं अक्षर चांगलं तो सगळ्यांचे भरतो आणि बाकीचे सह्या करतात, ही आमची जुनी रीत. दुसऱ्या शाखेने तर गेल्या वर्षीच्या जुन्या फॉर्मच्या झेरॉक्स जोडून दिल्या होत्या. नवीन कागदावर फक्त ‘सोबत जोडल्याप्रमाणे’. मी फोन करून विचारलं, तर शाखाधिकारी प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, दरवर्षी तेच असतं ना?”

मग मी स्वतः बंद पाकिटं घेऊन शाखांत गेले. ज्याने त्याने आपल्या हाताने भरायचं, पाकीट आपणच चिकटवायचं, माझ्याच हातात द्यायचं. लोकांना गंमत वाटली. एका बाईंनी विचारलं, “यात मतदान कोणाला करायचंय?”

उत्तरं वाचताना मला हळूहळू एक गोष्ट कळली, आणि ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. आमच्या लोकांना ‘येत नाही’ म्हणायला अवघड जात नाही. ‘मला येत नाही’ म्हटलं की आपण नम्र ठरतो. शिकवणाऱ्याला बरं वाटतं, साहेबाला बरं वाटतं, दोष कोणाच्याच पदरात पडत नाही. पण ‘प्रिंटर बंद आहे’ म्हटलं की प्रिंटर आणणाऱ्याचं नाव निघतं. ‘काम जास्त आहे’ म्हटलं की काम वाटणाऱ्याचं. कोण कशाला वाईटपणा घेईल? त्यापेक्षा आपल्यालाच येत नाही म्हणावं आणि सुरमई खाऊन यावं. वर्षानुवर्षं आमचे लोक मशीनच्या, माणसांच्या, टेबलांच्या तक्रारी ‘संगणक प्रशिक्षण’ या एका चौकोनात घालत होते.

मामांचा कागदही तसाच होता. प्रत्येक कामापुढे, शांत जागा आणि पुरेसा वेळ दिला तर कराल का, याला ठळक ‘नाही’. यंत्र ठीक. लाइन ठीक. दुसऱ्या कामाला उठावं लागतं का, पुढे नुसती रेघ. कागदावरून माणूस अगदी अशिक्षित ठरत होता. फक्त एकच गोष्ट जुळत नव्हती. गेल्या महिन्यात कोणाच्या मदतीशिवाय केलं आहे का, या पहिल्या प्रश्नाला त्यांनी लिहिलं होतं: ‘होय. शनिवारी.’ ज्याला शांतपणे बसवूनही येणार नाही, त्याने शनिवारी एकट्याने कसं केलं? खोटं लिहायला बसलेला माणूस पहिल्या प्रश्नाला थोडा बेसावध असतो, एवढाच त्याचा अर्थ, पण तो मला तेव्हा नीट लागला नाही. शेवटच्या दोन प्रश्नांपुढे होतं: काम चांगलं झालं तर, ‘काही नाही’. नाही झालं तर, ‘मूळ जागेवर पाठवतील’. पन्नाशीच्या पुढचा माणूस, टेबलाशी बसल्यावर डोक्यावर कायम ही टांगती तलवार. भीतीनेच बिचाऱ्याचे हात चालत नसतील, असं वाटलं.

मी त्यांच्या शाखेत जाऊन त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. काही बोलायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवून.

मामा सगळ्यांच्या आधी आलेले होते. त्यांनीच शटर उघडलं. त्यांनीच पाणी भरलं, देवाला फूल वाहिलं. मग टेबलाशी बसून चष्मा लावला, आपला पासवर्ड घातला आणि नवीन खात्याचा फॉर्म समोर घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख. एका बोटाने टाइप करत होते, पण बरोबर करत होते. तेवढ्यात आतून हाक आली, “मामा, चहा सांगा हो.” मामा उठले. चहा सांगून, घेऊन, सगळ्यांना देऊन परत आले तोपर्यंत संगणकाने त्यांना बाहेर काढलं होतं. आमच्या प्रणालीला काही वेळ कोणी हात लावला नाही की ती सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, आणि अर्धी भरलेली नोंद पुसली जाते. मामांनी पुन्हा पासवर्ड घातला. पुन्हा नाव, पत्ता, जन्मतारीख. “मामा, ही पत्रं पोस्टात टाकून या बघू.” पुन्हा नाव, पत्ता. मग एक म्हातारी आली. मुलगा मुंबईला, त्याने पाठवलेले पैसे काढायची स्लिप भरायची होती. खिडकीवर दुसऱ्या लिपिक मुली होत्या, पण ती सरळ मामांकडे आली. तिच्या मागे दुसरी. शिपाई असताना मामाच सगळ्यांच्या स्लिपा भरत, ते अजून चालूच होतं.

सगळा खेळ डोळ्यांसमोर होता. मामा लिपिक झाले, पण त्यांच्या जागी शिपाई आलाच नाही. नोकरभरती बंद होती. शिपायाचं काम शाखेतून गेलं नव्हतं, फक्त शिपाई गेला होता, आणि ते काम नेहमीच्या वाटेने नेहमीच्या माणसाकडे जात होतं. शाखाधिकारी वाईट माणूस नव्हता. मी विचारलं तेव्हा तो खरंच गोंधळला. “मॅडम, मी कधी त्यांना हे करा म्हणून सांगितलं नाही. ते स्वतःच उठतात,” म्हणाला. हेही खरंच होतं. मामा हाक पूर्ण व्हायच्या आत उठत होते.

ग्राहक संपल्यावर मी मामांना आतल्या खोलीत बसवलं. सरावाच्या प्रणालीवर, जिथे केलेल्या नोंदी खऱ्या खात्यात जात नाहीत, तिथे नवीन खातं, ठेवीचं नूतनीकरण आणि ओळखपत्राची नोंद करायला सांगितली. दार लावून घेतलं. मामांनी एकदा दाराकडे बघितलं, मग चष्मा पुसला आणि तिन्ही नोंदी केल्या. हळू केल्या, पण एकही चूक नव्हती.

“मामा,” मी म्हटलं, “तुम्हाला तर सगळं येतंय. मग कागदावर नाही का लिहिलंत?”

“कुठं ओ येतंय,” मामा म्हणाले. “आज तुमी बसल्याव म्हणून जमला.”

मी हसले. मला वाटलं, हाच तो आमचा नम्रपणा.

टिपण मी त्याच आठवड्यात दिलं. आयुष्यात मी एवढं चोख टिपण क्वचित लिहिलं असेल. कर्मचाऱ्यात कौशल्याची उणीव नाही. सरावात काम बिनचूक केलं. इच्छेची उणीव दिसत नाही. सर्वांआधी हजर, गैरहजेरी नाही. अडचण कामाच्या भाराची: एका माणसावर दोन पदांचं काम. त्यात साधनाची भर: उठावं लागलं की अर्धवट नोंद पुसली जाते. आणखी प्रशिक्षण हा यावर उपाय नाही. शिपायाचं काम करायला कंत्राटी मदतनीस नेमावा, अर्धवट नोंद जतन करण्याची सोय प्रणालीत करून घ्यावी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. शेवटी मी एक वाक्य घातलं: ‘अंगण मोजले असता वाकडे आढळले.’ साहेबांनी ते वाक्य खोडलं आणि बाकी टिपण मंजूर केलं.

मला आनंद झाला, तो लपवत नाही. एरवी आमच्या विभागातून कागद निघतो तो कोणाला तरी नोटीस द्यायला. या वेळी कागदाने एक माणूस वाचवला, असं मी घरी जाऊन सांगितलं.

शाखेला मदतनीस म्हणून गावातलीच एक बाई लागली. चहा, पाणी, पोस्ट तिच्याकडे गेलं. स्लिपा भरायला एक टेबल वेगळं केलं आणि तिथे मुली आळीपाळीने बसू लागल्या. अर्धवट नोंद आता जपली जाऊ लागली. मामांच्या प्रलंबित नोंदी महिन्यामहिन्याला कमी झाल्या. तीन महिन्यांनी मी पुन्हा तपासलं, मामांना कायम करण्याची शिफारस केली, आणि मामा कायम लिपिक झाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मुख्य कार्यालयात माझ्याकडे आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. पुळ्याच्या देवाला नैवेद्य दाखवून आणला होता. मी त्यांना बसवलं, पेढा घेतला, अभिनंदन केलं. ते खुर्चीच्या टोकाशी बसले होते. बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले, जणू तीही अजून त्यांच्याकडेच होती.

“मॅडम,” शेवटी म्हणाले, “एक बोलू? रागवू नका. तुमी चांगलाच केलाव. पन माझी वाट बंद झाली.”

मला काही कळेना. कसली वाट?

मग ते तुकड्यातुकड्यांनी बोलले. परीक्षा दिली ती मुलीच्या लग्नासाठी. स्थळं यायची ती विचारायची, वडील काय करतात? बँकेत आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न, बँकेत काय? बायकोने धोशा लावला. परीक्षा दिली, पास झाले, मुलीचं लग्न जमलं. जावई मुंबईला चांगल्या नोकरीत. “व्याह्यांनी गावभर सांगितलान, आमचे व्याही बँकेत क्लार्क हायत,” मामा म्हणाले. लग्न झालं, आणि मामांना वाटलं, झालं आता, आपण आपल्या जागेवर जावं.

“पन जाऊ कसा? मी आपणहून अर्ज केला, मला परत शिपाई करा, तर लोक म्हनतील याला खूळ लागलाय. घरात तर उभा करनार नाय. तेच बँकेनं पाठवलान तर कोन काय बोलनार? म्हातारपनी कम्प्युटर नाय जमला, संपला. कोनाचा वाईट नाय, कोनाचा बोलना नाय.”

मला आठवलं ते त्यांचं उत्तर. नाही झालं तर, ‘मूळ जागेवर पाठवतील’. मी ती भीती म्हणून वाचली होती. ती आशा होती. माझ्या कागदाने अडचण बरोबर शोधली होती, यंत्राची आणि भाराची, ती खरीच होती. पण त्या अडचणीआड हा माणूस लपून बसला होता, आणि मी ती हौसेने, पद्धतशीरपणे बाजूला केली होती.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. मी या माणसासाठी साहेबांशी वाद घातला, पाकिटं घेऊन खाडीच्या अलीकडे पलीकडे हिंडले, आणि याला जायचंच होतं! “मामा, मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? दार लावून बसलो होतो आपण,” मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

“तुमी इचारलाव, येतंय का,” मामा म्हणाले. “पायजे का, असा नाय इचारलाव.”

राग तिथेच उतरला. मी विचारलं, एवढं काय आहे त्या शिपायाच्या कामात? फिरती होती, मामा म्हणाले. थकबाकीच्या नोटिसा घेऊन वाडीवाडीत जायचं. लोक आधी नोटीस बघून तोंड वाकडं करायचे, मग ताक द्यायचे. कोणाचा आंबा मोहरला, कोणाची बोट लागली, कोण गेलं, सगळं कळायचं. आता खुर्ची. समोर पडदा, मागे भिंत. “आता मानसा कागदावर येतात माझ्याकडे,” म्हणाले. “नाव, पत्ता, जन्मतारीख.”

“नोकरीची अजून किती वर्षं आहेत?” मी विचारलं.

“हायत बरीच,” म्हणाले आणि उठले. पुळ्याची गाडी चुकली असती.

मी साहेबांशी आडून बोलून बघितलं. कायम झालेल्या माणसाला मूळ पदावर न्यायचं तर त्याचा लेखी अर्ज हवा, आणि तो संचालक मंडळासमोर ठेवून परिपत्रक निघणार. परिपत्रक प्रत्येक शाखेच्या फळ्यावर लागतं. मामांच्या शाखेच्या फळ्यासमोर त्यांचं अर्धं गाव उभं राहतं. म्हणजे तीही वाट नव्हती.

पुढच्या वर्षी मी प्रश्नावली सुधारली. सगळ्यात वर, पहिलाच प्रश्न घातला, आडून नाही, सरळ: ‘सध्या आपल्याकडे असलेले काम आपल्याला करायचे आहे का?’ साहेब हसले. “उद्या शिपाई लिहील, मला अध्यक्ष व्हायचंय,” म्हणाले. मी म्हटलं, लिहू दे की, निदान कळेल तरी. पाकिटं पुन्हा बंद, पुन्हा माझ्याच हातात. या वेळी एकाही शाखेने एका अक्षरात कागद दिले नाहीत, तेवढी सुधारणा झाली होती.

उत्तरं वाचायला बसले. होय. होय. होय. ज्यांना मी वर्षानुवर्षं घड्याळाकडे बघत बसलेलं पाहिलं होतं, ज्यांच्या बदल्यांच्या विनवण्यांची फाइल माझ्याच कपाटात होती, त्या सगळ्यांनी ‘होय’ लिहिलं होतं. ‘येत नाही’ म्हणायला न लाजणारी ही माणसं ‘नको’ मात्र लिहीत नव्हती. मामांचं पाकीट मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. उघडलं. चांगल्या वळणदार अक्षरात, शाई न डागाळता, ‘होय’.

मी फोन लावला. कुशल विचारलं. मुलीला मुलगा झाल्याचं त्यांनी सांगितलं. मग मी विचारलं, “मामा, या वेळी तर सरळ विचारलं होतं ना?”

पलीकडे शाखेचा आवाज होता, माणसं, शिक्के, पासबुकांच्या प्रिंटरची कुरकुर.

“इचारलाव, खरा,” मामा हळू आवाजात म्हणाले. “पन मॅडम, नाव लिवायला सांगितलाव ना वर? नको म्हनून लिवायला मानसाकडे दुसरी जागा लागते. माझ्याकडे कुठं हाय?” आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, “ठेवू का? काउंटरवर मानसा आल्यात.”

मी फोन ठेवला आणि त्यांचा कागद इतरांच्या कागदांत लावला. त्या महिन्यात त्यांच्या नावावर एकही नोंद प्रलंबित नव्हती.